नव्या चॅनलची ९० दिवसांची योजना: सबस्क्रायबर मोजायचे नसतील तर काय मोजावे?

कुळागर_सावईवेरे

सावईवेरे येथील आमच्या कुळागरावर मराठीतून यूट्यूब चॅनल सुरू करण्याचे मी आणि माझ्या सासऱ्यांनी ठरवले आहे. सुपारी, नारळ, मिरी आणि केळी यांची कामे वर्षभरात जशी होतात तशी दाखवायची, एवढाच विषय आहे. सासरे काम करून दाखवतील आणि बोलतील. चित्रीकरण, संपादन आणि बाकीचा सगळा व्याप माझ्याकडे असेल. माझी नोकरी पणजीत असल्यामुळे शनिवार-रविवार मिळून आठवड्याला आठ तास हाताशी असतात, त्याहून अधिक नाहीत.

माझ्या दिरांच्या मते तीन महिन्यांत १००० सबस्क्रायबर एवढे एकच लक्ष्य पुरे आहे. मला ते पटत नाही, कारण सबस्क्राइब करायचे की नाही हे समोरचा माणूस ठरवतो, आणि येत्या शनिवारी मी नेमके काय करावे हे त्या आकड्यावरून मला मुळीच कळत नाही. म्हणून अपलोड आणि कौशल्ये यांचीच लक्ष्ये ठेवून १५ जून ते १२ सप्टेंबर अशी ९० दिवसांची योजना आखली आहे. यंदा चवथ १४ सप्टेंबरला असल्यामुळे त्याआधी हे आवरते.

कच्चा आराखडा असा आहे: आठवड्याला दोन मोठे व्हिडिओ, म्हणजे एकूण २६, त्याशिवाय रोज एक शॉर्ट, आणि कौशल्यांमध्ये आवाज सुधारणे, संपादन सुधारणे, चांगली थंबनेल, रंग, पटकथा, इंग्रजी सबटायटल्स आणि जमल्यास ड्रोन. यात काय चुकते आहे ते स्पष्ट सांगावे.

मडगावची_सुलभा

तुमचा थोडा गैरसमज झालेला दिसतो, ताई. ९० दिवसांत २६ व्हिडिओ टाकण्याची काहीच गरज नाही. यूट्यूबची अट ९० दिवसांत फक्त ३ सार्वजनिक अपलोडची आहे. त्यासोबत ५०० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ३००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना ३० लाख व्ह्यूज, एवढे असले की चॅनलमधून कमाईसाठी अर्ज करता येतो. माझे पाककृतींचे चॅनल आहे आणि मी हिशेब याच अटीवर धरते. आषाढात माझ्याकडून काही टाकले गेले नाही, तर जुने व्हिडिओ या तिनांत धरतात का, हे कोणी सांगेल का?

म्हापशेकर

सुलभाताई, तुम्ही सांगितलेली अट बरोबर आहे, पण ती भागीदारी कार्यक्रमाच्या पहिल्या पायरीची आहे आणि तिच्यातले ९० दिवस मागच्या बाजूला मोजले जातात. अर्ज करताना गेल्या ९० दिवसांत ३ अपलोड झालेले असावे लागतात, त्याआधीचे धरत नाहीत. शिवाय त्या पायरीवर जाहिरातींचे उत्पन्न मिळत नाही. त्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज लागतात. धाग्यातला प्रश्न मात्र शिकण्याच्या योजनेचा आहे, तेव्हा तिकडे वळतो.

मी लग्नसमारंभांचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ संपादित करतो. या आराखड्यात पहिली अडचण वेळेची आहे. सहा मिनिटांच्या एका व्हिडिओला नवख्या माणसाचा वेळ असा जातो: काय दाखवायचे ते ठरवून क्रम लिहायला एक तास, चित्रीकरणाला दोन, संपादनाला चार, आणि थंबनेल, शीर्षक, वर्णन व अपलोड यांना मिळून एक. हे झाले आठ तास, म्हणजे तुमचा पूर्ण आठवडा. आठवड्याला दोन व्हिडिओ म्हटले की पहिल्याच रविवारी तुम्ही आठ तासांच्या उधारीत जाता आणि तिसऱ्या आठवड्यात योजनेकडे बघणेच सोडून देता. ९० दिवसांत जेमतेम १३ आठवडे बसतात. त्यातले तीन मोकळे सोडा, कारण सावईवेऱ्यात आषाढात वीज जाणार, घरात कोणी आजारी पडणार आणि चवथीच्या आधीचा आठवडा घर सारवण्यात आणि खरेदीत जाणार, हे आजच ठाऊक आहे. उरले १०. लक्ष्य १० ठेवा, आणि १५ जून उजाडण्यापूर्वी दोन व्हिडिओ तयार करून बाजूला ठेवा, म्हणजे एखादा शनिवार बुडाला तरी अपलोड बुडणार नाही.

दुसरी अडचण मला अधिक मोठी वाटते. ‘आवाज सुधारणे’ आणि ‘संपादन सुधारणे’ या इच्छा आहेत, लक्ष्ये नव्हेत. ९० व्या दिवशी आवाज सुधारला की नाही हे कोण ठरवणार आणि कशावरून? प्रत्येक कौशल्यासाठी एक परीक्षा आधी लिहून ठेवावी, जिचा निकाल ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ एवढाच लागेल. आणि सात कौशल्ये एकदम घेऊ नयेत. तीस-तीस दिवसांचे तीन टप्पे आणि दर टप्प्याला एकच कौशल्य, एवढे पुष्कळ झाले. ड्रोनचे नाव सध्या काढू नका. सुपारीच्या झावळ्यांखाली काय चालले आहे ते ड्रोनला दिसत नाही.

सत्तरीचा_दत्ता

म्हापशेकरांचे पहिले म्हणणे मान्य, दुसरे अर्धवट वाटते. परीक्षा हवी हे खरे, पण ती यूट्यूब आपणहून घेतेच. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रेक्षक टिकण्याचा आलेख असतो. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक शिल्लक राहिले आणि सरासरी किती टक्के व्हिडिओ पाहिला गेला, हे तिथे स्वच्छ दिसते. तेव्हा लक्ष्य सरळ आकड्यात लिहावे: पहिल्या महिन्यात सरासरी ३५ टक्के, दुसऱ्यात ४५ आणि तिसऱ्यात ५५. प्रेक्षकांचा आकडा नको म्हणून घरच्या घरी परीक्षा घेऊन स्वतःलाच गुण देणे म्हणजे आपलीच पाठ आपण थोपटणे होय. आणि शॉर्ट्स कमी करू नका, उलट दिवसाला तीन करा. हात त्यावरच बसतो.

म्हापशेकर

दत्ताबाब, आलेख पाहावा हे तुमचे म्हणणे योग्यच आहे. माझा विरोध टक्क्याला लक्ष्य करण्याला आहे. नव्या चॅनलच्या व्हिडिओला पहिल्या आठवड्यात समजा ४० व्ह्यूज मिळाले, तर एक प्रेक्षक म्हणजे अडीच टक्के झाले. त्या चाळिसांत दहा जण घरचे असतात. त्यातले काही प्रेमाने शेवटपर्यंत पाहतात, तर काही लाइक देऊन लगेच निघून जातात. चार मावश्यांनी व्हिडिओ अर्ध्यावर सोडला की आकडा खाली येतो, आणि त्याचा संपादनाशी काडीचाही संबंध नसतो. दुसरे असे की सरासरी टक्केवारी लांबीवर अवलंबून असते. आठ मिनिटांच्या व्हिडिओऐवजी तीन मिनिटांचा केला की ती बहुतेक वाढते. मग माणूस लक्ष्य गाठण्यासाठी फवारणीच्या बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या औषधाची, कृती निम्मी कापून टाकतो आणि कौशल्य आले असे समजतो. प्रेक्षक वाढले की हाच आलेख फार उपयोगी पडतो, पण तेव्हाही त्यात टक्का पाहू नये, रेषा कोठे कोसळते ती जागा पाहावी आणि त्या सेकंदाला पडद्यावर काय चालले होते ते तपासावे.

शॉर्ट्सविषयी थोडक्यात सांगतो. उभी चौकट आणि जास्तीत जास्त तीन मिनिटांचा मजकूर हे वेगळे काम आहे. करायचे असतील तर करावेत, पण दहा अपलोडांच्या मोजणीत धरू नयेत, नाहीतर महिनाअखेर मोठ्या व्हिडिओची जागा शॉर्टने भरण्याचा मोह आवरत नाही.

डिचोली_मास्तर

मी शाळेत शिकवतो, चॅनल माझे नाही. पण मूल्यमापन हा रोजचा विषय असल्यामुळे विचारतो. घरच्या परीक्षेवर दत्ताबाबांचा आक्षेप आहे की गुण देणारा आणि घेणारा एकच. तो आक्षेप खरा आहे, पण परीक्षक बाहेरचा आणला तर तो उरत नाही. व्हिडिओ ज्याने पाहिलेला नाही आणि ज्याला कुळागराची माहिती नाही अशा माणसाला तो दाखवावा, आपण गप्प बसावे आणि नंतर फक्त त्याच्याकडून काढून घ्यावे. ‘कसा वाटला’ असे विचारले की ‘बरा आहे’ हेच उत्तर येते. ‘आधी चुना टाकला की मोरचूद?’ असे विचारले की शिकवणे पोहोचले की नाही ते तिथल्या तिथे कळते. म्हापशेकरांनी तीन टप्प्यांच्या परीक्षा नेमक्या कशा असाव्यात ते लिहिले तर बरे होईल.

म्हापशेकर

कुळागराचेच उदाहरण घेऊन लिहितो. समजा सासरे सुपारीच्या कोळे रोगावरची फवारणी दाखवणार आहेत.

पहिला टप्पा, १५ जून ते १४ जुलै, आवाजाचा. पहिले कौशल्य आवाज का, तर चित्र थोडे मंद असले तरी लोक चालवून घेतात, पण शब्द कळले नाहीत तर थांबत नाहीत. पावसात कौलांवरचा, पत्र्यावरचा आणि पानांवरचा आवाज मिळून मोबाइलच्या आतल्या माइकला गिळून टाकतो, आणि मोबाइल लांब ठेवला की तो आपोआप संवेदनशीलता वाढवून पाऊसच मोठा करतो. उपाय महाग नाही. शर्टाला लावायचा छोटा माइक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली, केसाळ टोपी घालून लावावा. आवाजाची पातळी पाहता येत असेल तर सर्वांत मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावा, शून्याला कधीच टेकू नये, कारण फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. धो धो पाऊस असेल तर बागेत फक्त काम टिपावे आणि सासऱ्यांचे बोलणे नंतर, कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसवून वेगळे घ्यावे. परीक्षा अशी: व्हिडिओतले कोणतेही एक मिनिट घ्यायचे, साध्या मोबाइलच्या स्पीकरवर निम्म्या आवाजात लावायचे, हेडफोन नाही, आणि ऐकणाऱ्याने वाक्यामागून वाक्य परत सांगायचे. एकही वाक्य अडले तर नापास. टप्प्यातल्या शेवटच्या दोन्ही व्हिडिओंनी ही परीक्षा ओलांडली की आवाज जमला.

दुसरा टप्पा, १५ जुलै ते १३ ऑगस्ट, सुरुवातीच्या ३० सेकंदांचा. नवख्याची सुरुवात ठरलेली असते: नमस्कार मंडळी, चॅनलचे नाव, फिरणारे बोधचिन्ह, सबस्क्राइब करा, आज आपण पाहणार आहोत. एवढ्यात अर्धे मिनिट संपते. बोर्डो मिश्रण करताना एक क्षण असा येतो की तयार द्रावणात स्वच्छ लोखंडी कोयत्याचे पाते थोडा वेळ बुडवून बाहेर काढतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे आणि तो अजून घालावा लागतो. व्हिडिओ त्या पात्यापासून सुरू करा. सासऱ्यांनी पाते कॅमेऱ्यासमोर धरून एवढेच म्हणावे, ‘हे असे लाल झाले तर हे औषध सुपारीवर मारू नका, पान जळेल.’ नमस्कार त्यानंतर केला तरी चालतो. परीक्षा: अनोळखी माणसाला पहिली ३० सेकंदे दाखवून व्हिडिओ थांबवायचा आणि पुढे काय कळणार आहे ते त्याला विचारायचे. तो ‘शेतीचा व्हिडिओ आहे’ म्हणाला तर नापास. ‘औषध बरोबर झाले की नाही हे कसे ओळखायचे ते सांगणार आहेत’ म्हणाला तर पास.

तिसरा टप्पा, १४ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर, काटछाट आणि दृश्यांचा क्रम. प्रत्येक कृतीची तीन दृश्ये घ्यायची सवय लावा: लांबून संपूर्ण माणूस, मधून हात आणि भांडे, जवळून नेमकी वस्तू. मग परीक्षा दोन भागांत आहे. व्हिडिओ आवाज बंद करून लावायचा. पाहणाऱ्याला कामाचा क्रम सांगता आला पाहिजे, म्हणजे १ किलो मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात, १ किलो चुना दुसऱ्यात, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या दुधाळ पाण्यात ओतले, सारे मिळून १०० लिटर झाले, मग पाते बुडवले. प्रमाणे त्याला अर्थातच पडद्यावरच्या अक्षरांतून कळतील, पण काय आधी आणि काय नंतर हे चित्रातूनच कळले पाहिजे. दुसरा भाग कात्रीचा आहे. झालेला व्हिडिओ सहा मिनिटांचा असेल तर एकही पायरी न गाळता त्याचा पाच मिनिटांचा करून दाखवायचा. ज्याला हे जमते त्याला संपादन येऊ लागले असे मी म्हणेन.

मडगावची_सुलभा

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आभार. आवाज बंद करून पाहण्याची परीक्षा मी काल माझ्या सोलकढीच्या व्हिडिओवर घेतली. शेजारच्या मुलीला नारळाचा रस कधी घातला ते कळले नाही, कारण त्या वेळी कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर होता. मात्र माझी शंका वेगळीच आहे. इतक्या परीक्षा घेत बसले तर आठ तासांत व्हिडिओ होईल कधी?

म्हापशेकर

प्रत्येक परीक्षेला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, ताई, आणि चालू टप्प्याची एकच परीक्षा घ्यायची असते. वेळ खाते ते दुसरेच: नापास झालेला व्हिडिओ पुनःपुन्हा दुरुस्त करत बसणे. ते करू नये. नापास व्हिडिओसुद्धा ठरलेल्या दिवशी टाकावा, कारण अपलोडचे लक्ष्य पूर्ण व्हायचे ते असेच. काय चुकले ते वहीत एका ओळीत लिहावे आणि पुढच्या चित्रीकरणापूर्वी तेवढीच ओळ वाचावी.

सत्तरीचा_दत्ता

परीक्षा चांगल्या आहेत, हे मान्य करतो. तरी एक मुद्दा सोडवत नाही. दहा व्हिडिओ झाले, तिन्ही परीक्षा पार पडल्या आणि कोणी पाहिलेच नाही, तर? आवाज स्वच्छ आणि कात्री धारदार असूनही विषयच कोणाला नको असू शकतो. ९० दिवस प्रेक्षकांकडे पाठ करून बसणे मला बरोबर वाटत नाही.

डिचोली_मास्तर

पाठ करावी असे कोणी म्हटलेले नाही. ३० व्या, ६० व्या आणि ९० व्या दिवशी स्टुडिओ उघडून प्रेक्षक कोणत्या वाटेने आले आणि काय शोधून आले एवढे पाहिले तर पुरेसे वाटते. ‘सुपारी गळ उपाय’ असे काही शोधून चार जण जरी आले, तरी मागणी कोठे आहे ते समजते. रोज उघडून पाहू नये एवढेच.

म्हापशेकर

मास्तरांशी सहमत आहे, पण दत्ताबाबांच्या प्रश्नाचे ते पूर्ण उत्तर नव्हे. दहा व्हिडिओंवरून विषयाला मागणी आहे की नाही हे ठरवता येईल असे मला वाटत नाही, दत्ताबाबांना वाटते. तिथे आमचे मतभेद राहू द्यावेत. सबस्क्रायबर वाढवण्यासाठी ‘तू माझे कर, मी तुझे करतो’ अशा व्हॉट्सॲप गटांत मात्र शिरू नका. ते यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे, आणि असे आलेले सबस्क्रायबर पुढचा व्हिडिओ पाहायला येत नाहीत.

कुळागर_सावईवेरे

सगळ्यांना देव बरे करो. आराखडा पुन्हा लिहिला आहे. दहा मोठे व्हिडिओ, दर रविवारी संध्याकाळी एक. या ९० दिवसांत रविवार बाराच येतात, म्हणून मोकळे दोनच. त्यातला एक चवथीच्या आधीचा, म्हणजे ६ सप्टेंबरचा. शॉर्ट्स मोजणीत नाहीत. तीन टप्पे म्हापशेकरांनी सांगितल्याप्रमाणे, आणि परीक्षक म्हणून पणजीच्या कार्यालयातल्या दोन सहकारी, ज्यांनी सुपारीचे झाड फक्त रस्त्यावरून पाहिले आहे. इंग्रजी सबटायटल्स, रंग आणि ड्रोन काढून टाकले. थंबनेल साधे ठेवणार: एक वस्तू आणि तीन-चार शब्द.

एक अडचण मात्र आराखड्यात बसत नाही. फवारणीची पहिली फेरी पावसाळा टेकण्यापूर्वी होते, म्हणजे १५ जूनच्या आधी, आणि दुसरी त्यानंतर ४०-४५ दिवसांनी, तीही उघडीप मिळेल तेव्हा. पहिली फेरी चित्रित केली तर ती ९० दिवसांच्या बाहेर जाते. सोडली तर पात्याचे दृश्य जुलैअखेरपर्यंत मिळणार नाही.

म्हापशेकर

पहिली फेरी आत्ताच चित्रित करा आणि आधी तयार ठेवायच्या दोन व्हिडिओंपैकी एक तोच असू द्या. जो १५ जूननंतर अपलोड होईल तो मोजणीत धरावा. चित्रीकरण कधी झाले हा प्रश्न नाही. दुसरी फेरी जुलैच्या उत्तरार्धात, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात येते. तेच काम, तीच माणसे, तोच कोयता पुन्हा चित्रित करा आणि दोन्ही व्हिडिओंची पहिली ३० सेकंदे सहकाऱ्यांना एकापाठोपाठ दाखवा. मात्र त्या फेरीसाठी रविवार नेमू नका. पाऊस ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी फवारणी होणार, आणि तुम्ही पणजीत असाल तर मोबाइल कोण धरणार ते आधी ठरवून ठेवा.

कुळागर_सावईवेरे

दीर घरीच असतात, त्यांना शिकवते. मोबाइल आडवा धरायचा, एवढ्यापासून सुरुवात आहे.

सत्तरीचा_दत्ता

आणि फवारणी करणाऱ्याच्या खाली उभे राहू नका म्हणावे. मोरचुदाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, आणि लेन्सवर पडले तर पुसता पुसता ओरखडे उठतील.